घाटाखालचं पॅकेज

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहून कारखान्यांच्या पर्यावरणविषयक कागदपत्रांचं काम स्वतंत्रपणे करणाऱ्याला गिऱ्हाइकं दोन दिशांना असतात. पोलादपूरहून महामार्गाने महाडकडे गेलं की औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने, आणि घाट चढून गेलं की महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेलं. दोघांनाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, दोघांकडेही सांडपाणी असतं आणि दोघांनाही कागद वेळेवर करून देणारा माणूस हवा असतो. त्यामुळे नवं पॅकेज तयार करून लिंक्डइनवर त्याची ओळख करून द्यायची वेळ आली की पहिली ओळ आपोआप सुचते : ‘पर्यावरणविषयक सर्व सेवा एकाच ठिकाणी’. या व्यवसायात राहून मी जेवढ्या कॅप्शन वाचल्या, त्यातल्या बहुतेक याच ओळीची भावंडं आहेत. माझं म्हणणं असं, की ही ओळ गिऱ्हाईक आणत नाही. आणि आणलंच तर भांडणासकट आणते. नव्या पॅकेजच्या कॅप्शनचं काम आपली ओळख वाढवणं हे नाही. कुणासाठी, काय, किती, कधीपर्यंत आणि कुठे थांबणार, हे ठरवणं हे तिचं काम आहे. करारात जे लिहायचं असतं त्याचा निम्मा भाग कॅप्शनमध्येच लिहून झाला पाहिजे.

पॅकेज या शब्दाचा अर्थच बांधलेलं काम असा आहे. बांधायचं तर आधी घाटाखालचं की घाटावरचं हे ठरवावं लागतं, कारण ही दोन कामं वरून सारखी दिसत असली तरी त्यांचं वर्ष वेगळं चालतं. रासायनिक कारखान्याचं कागदी वर्ष ३१ मार्चला संपतं. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, म्हणजे २०१६च्या नियमांतला फॉर्म ४, ३० जूनपर्यंत द्यायचा असतो आणि पर्यावरण विवरणपत्र, ज्याला सगळे फॉर्म पाच म्हणतात, ते ३० सप्टेंबरपर्यंत. म्हणजे प्लांटमध्ये जाऊन नोंदी तपासायचे महिने एप्रिल आणि मे. नेमक्या याच दोन महिन्यांत महाबळेश्वरचा हॉटेलवाला हंगामात बुडालेला असतो आणि तुमचा फोनही उचलत नाही. त्याला वेळ मिळतो पावसाळ्यात, तेव्हा आंबेनळीचा भरवसा नसतो. जुलै २०२१मध्ये दरडींनी हा रस्ता तोडला होता आणि वाहनं बंद झाली होती. एरवीही दोन-तीन दिवस धुवांधार पाऊस लागला की घाट बंदच्या बातम्या सुरू होतात. त्यात हॉटेलांचा प्रश्न मुख्यतः मैलापाण्याचा आणि २००१पासून लागू असलेल्या संवेदनशील क्षेत्राच्या निर्बंधांचा; घातक कचरा म्हणावा तर जनरेटरचं वापरलेलं तेल. कार्यालयही निराळं, साताऱ्याचं. एकाच कॅप्शनमध्ये दोघांना हाक मारली की कारखान्याच्या मॅनेजरला वाटतं हा हॉटेलवाल्यांचा माणूस आहे, आणि हॉटेलवाल्याला फॉर्म ४चा उल्लेख वाचून आपला काही संबंध नाही असं वाटतं. दोन पॅकेजं करावीत, दोन कॅप्शन लिहाव्यात, आणि एक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकावी, दुसरी पावसाळा सरता सरता.

आता वाचणारा कोण, याचा विचार करू. महाडमधल्या छोट्या आणि मध्यम कारखान्यांपैकी बऱ्याच जणांचं मुख्य कार्यालय मुंबईत किंवा ठाण्यात असतं. प्लांटवर बसणारा मॅनेजर किंवा सुरक्षा-पर्यावरण पाहणारा अधिकारी हा कामाची गरज ओळखणारा माणूस. पैसे मंजूर करणारा दुसरा, शहरातला, ज्याने एफ्लुएंट प्लांट वर्षातून एकदा पाहिलेला असतो. लिंक्डइनवर कॅप्शन वाचतो पहिला, पण निर्णय घेतो दुसरा. मधल्या वाटेवर काय होतं? पहिला माणूस ती कॅप्शन उचलतो आणि ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर जशीच्या तशी पुढे ढकलतो. वरती स्वतःची एक ओळ लिहितो, ‘सर, बघून घ्या’. म्हणून कॅप्शन ही पुढे पाठवण्यासाठी लिहायची चीज आहे. ‘अधिक माहितीसाठी मेसेज करा’ हे तिच्यात असलं की ती पुढे पाठवण्याजोगी राहत नाही, कारण मुंबईच्या सरांना मेसेज करायचा नसतो. त्यांना रक्कम, मुदत आणि कामाची यादी हवी असते. सेवा पुरवणारा समोर नसताना त्याच्या वतीने बोलेल इतकी माहिती त्या मजकुरात असली पाहिजे.

यादी कशी करायची हे कामाच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक नमुना घेऊ. समजा, एका छोट्या कारखान्यात सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा गाळ हा मुख्य घातक कचरा आहे. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तो ३५.३ या क्रमांकाखाली येतो. १ एप्रिलला शिल्लक ४ टन, वर्षभरात तयार झाला ३८ टन, तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवला ३६ टन, वर्षअखेर शिल्लक ६ टन. गणित जुळतं. दरमहा साधारण तीन टन गाळ निघतो, म्हणजे शिल्लक सहा टन हा दोन महिन्यांचा माल. कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये या नियमात तो बसतो. तीच शिल्लक बारा टन असती तर कुणी गोदामात न जाताही सांगू शकलं असतं की माल चार महिने पडून आहे. इथवर कारकुनी. खरं काम पुढे सुरू होतं. कचऱ्याच्या प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म १०, म्हणजे मॅनिफेस्ट जातो. नियमात त्याच्या सात प्रती आहेत, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि कचरा घेणाऱ्याने पावती म्हणून कारखान्याला परत पाठवायची ती निळी. आता निळ्या प्रतींवरच्या वजनांची बेरीज केली आणि ती ३२ टन आली, तर चार टन गेले कुठे? बहुतेक वेळा ते कुठेच गेलेले नसतात. ३१ मार्चला गेटबाहेर पडलेली गाडी २ एप्रिलला पोचलेली असते. कारखान्याच्या वहीत ती जुन्या वर्षात, घेणाऱ्याच्या वहीत नव्या वर्षात. कारखान्याचं विवरण ३६ म्हणतं, केंद्राचं ३२ म्हणतं, आणि दोन्ही आकडे मंडळाकडे जातात. हा फरक ३० जूनच्या आत शोधून, त्या गाडीचा मॅनिफेस्ट जोडून, खुलासा तयार ठेवणं यालाच पैसे घ्यायचे असतात. फॉर्म भरायला पैसे घेण्याची गरज नाही, तो कुणीही भरतो.

पण याच नमुन्यात आणखी एक गाठ आहे. संमतीपत्रात या गाळाचं मंजूर प्रमाण वर्षाला ३० टन असेल तर? प्रत्यक्षात निघाला ३८. विवरणात खरा आकडा लिहायचा, याबद्दल वाद नाही. पण तो लिहिला की संमतीत दुरुस्ती करून घेण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि ते काम निराळं आहे. त्यात अर्ज, शुल्क, उत्पादन वाढलं नसताना गाळ का वाढला याचा तांत्रिक खुलासा, महाडच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडून होणारी पाहणी आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा येतो. ज्याने कॅप्शनमध्ये ‘सर्व सेवा’ लिहिलं आहे, त्याच्या गिऱ्हाइकाची साहजिक समजूत होते की हेही त्याच पैशांत बसतं. तो चुकत नाही. तसं लिहिलंच आहे. इथे दोनच वाटा उरतात. फुकट राबायचं, किंवा मधेच नवा दर सांगून वाईट व्हायचं. आमच्या व्यवसायातली मला माहीत असलेली बरीचशी कटुता कामाच्या दर्जावरून नव्हे, याच जागेवरून सुरू होते. म्हणून ‘यात काय नाही’ ही ओळ कॅप्शनमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे, आणि बहुतेक कॅप्शनमध्ये नेमकी तीच नसते.

आता या सगळ्याची कॅप्शन कशी दिसेल ते लिहून दाखवतो. रक्कम उदाहरणादाखल धरली आहे.

‘महाड एमआयडीसीतल्या छोट्या रासायनिक कारखान्यांसाठी : ३० जूनचा फॉर्म ४ आणि ३० सप्टेंबरचा फॉर्म पाच, दोन्ही मिळून ₹२४,०००. यंदा सहाच कारखाने घेतो आहे. प्लांटची भेट ३१ मेच्या आत.

यात काय आहे : प्लांटवर एक दिवस, वर्षभराच्या सगळ्या मॅनिफेस्टची कचऱ्याच्या वहीशी आणि संमतीपत्राशी पडताळणी, पाणीबिल, कच्चा माल आणि उत्पादन यांच्या नोंदींवरून फॉर्म पाचचे आकडे, दोन्ही फॉर्मचे मसुदे, प्रत्येकी एकदा दुरुस्ती, जिथे आकडे जुळत नाहीत तिथे खुलाशाचं टिपण.

यात काय नाही : संमतीपत्राचं नूतनीकरण किंवा दुरुस्ती, प्रयोगशाळेचं तपासणी शुल्क, मंडळाच्या नोटिशीला उत्तर. ही कामं करतो, पण वेगळ्या दराने आणि आधी सांगून. आकड्यांची जबाबदारी आणि सही कारखान्याची राहील.

निम्मी रक्कम भेटीआधी, निम्मी फॉर्म पाच दिल्यावर. उद्यम नोंदणी आहे. जूननंतरची विचारपूस फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर, कारण पावसात रस्त्याचा शब्द मी देऊ शकत नाही.

संमतीपत्राची प्रत आणि गेल्या वर्षीचा फॉर्म ४ पाठवा. काम या पॅकेजमध्ये बसतं की नाही ते दोन दिवसांत कळवतो.’

लिंक्डइनच्या पोस्टला ३,००० अक्षरांची मुभा आहे, हा मजकूर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण मोबाइलवर वाचणाऱ्याला आधी दिसतात त्या दोन-तीन ओळी. बाकीचं …more च्या मागे दडलेलं असतं. म्हणूनच कोण, काय, किती हे पहिल्याच परिच्छेदात कोंबलं आहे. त्या जागेवर अलीकडे लोक भावनिक सुरुवात करतात, ‘तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हा...’ वगैरे. नोकरी सोडल्याचं धाडस मोठंच असेल, पण ३० जून तोंडावर असलेल्या मॅनेजरला त्याचं काय करायचं आहे? शेवटच्या ओळीत काय मागितलं आहे तेही पाहा. ‘संपर्क साधा’ नाही, दोन ठरावीक कागद. ते दोन कागद हातात आले की मंजूर प्रमाण आणि गेल्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून, वरच्या नमुन्यातल्या ३० आणि ३८ टनांसारखी गाठ काम घ्यायच्या आधीच दिसते. आणि ज्याला ते कागद शोधायलाच महिना लागणार आहे, तो ३० जूनच्या कामासाठी आपलं गिऱ्हाईक नाही, हेही त्यातून कळतं.

दर जाहीर करण्यावर व्यवसायातल्या जाणत्यांचा आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. आकडा दिसला की दुसरा दोन हजारांनी खाली येतो. आणि मोठा कारखाना, जो चाळीस हजार सहज देणार होता, तोही चोवीसच धरून बसतो. दोन्ही खरं आहे. पण मोठ्या कारखान्याला पंधरा प्रकारचा कचरा आणि शेकड्याने मॅनिफेस्ट असतात. तो या पॅकेजमध्ये बसतच नाही, आणि ‘छोट्या कारखान्यांसाठी’ हे शब्द त्यासाठीच पहिल्या ओळीत आहेत. हवं तर मॅनिफेस्टची कमाल संख्याही लिहावी, म्हणजे छोटा कुणाला म्हणायचं यावर वाद उरत नाही. दोन हजारांनी खाली येणाऱ्याबद्दल मला एवढंच वाटतं, की तो पडताळणीही तेवढीच करणार आहे का, हे मुंबईच्या सरांना विचारता यावं यासाठी तर आपली यादी सविस्तर आहे. दराखाली यादी नसेल तर मात्र आक्षेप घेणाऱ्यांचंच खरं; नुसता आकडा लिहिणं म्हणजे भाव पाडायला आमंत्रण.

दुसरा आक्षेप असा, की महाड-पोलादपूरकडे काम लिंक्डइनवरून मिळतच नाही, ओळखीने मिळतं. कुणीतरी कुणाला फोन करतो, ‘आपला एक माणूस आहे’ म्हणतो, आणि काम सुरू होतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ओळखीने नाव पोचल्यानंतर पुढे काय होतं तेही पाहायला हवं. मुंबईत बसलेला माणूस ते नाव शोधतो. तेव्हा त्याला दिवाळीच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी कार्यशाळेचं प्रमाणपत्र दिसतं, की वरच्यासारखी कॅप्शन दिसते, यावर फोनवरची शिफारस टिकते की विरते ते ठरतं. कॅप्शन अनोळखी माणसाला ओढून आणेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही; आलेल्या शिफारशीला ती कागदाचा आधार देते, तेवढं पुरे आहे. पोस्ट काही दिवसांत खाली जाते हे खरं, म्हणून याच मजकुराचा सारांश प्रोफाइलवरच्या सेवांच्या भागातही ठेवावा. भाषेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे आणि तो मला फार अवघड वाटत नाही : प्लांटवरचा माणूस मराठी असला तरी वरचे सर असतीलच असं नाही, म्हणून खाली इंग्रजी मजकूर जोडावा, किंवा दोन वेगळ्या पोस्ट कराव्यात. फक्त इंग्रजीत असताना रक्कम आणि मराठीत असताना ‘माफक दर’ असं करू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. ‘यात काय नाही’ लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकतं, आणि शेजारचा सल्लागार तर ‘संमती हमखास मिळवून देतो’ असं लिहितो आहे. हमखास हा शब्द लिहिणाऱ्याच्या हातात जे नाही त्याचं आश्वासन देतो. संमती देणं हा मंडळाचा अधिकार आहे. सल्लागाराच्या हातात पूर्ण आणि खरा अर्ज करणं, वेळेत करणं आणि विचारलेल्याला उत्तर देणं एवढंच असतं. जो निकाल विकतो, त्याने तो कसा आणणार हेही सूचित केलेलं असतं, आणि ज्याची नियमित तपासणी होते असा कारखानदार ती सूचना बरोबर वाचतो. काही जणांना ती हवीही असते, हे मी जाणतो. तेवढी गिऱ्हाइकं जातील. उरलेल्यांपैकी कुणी ‘यात काय नाही’ वाचून बिचकलेला मला तरी माहीत नाही; त्यांची विचारणा उलट तिथूनच सुरू होते, ‘नोटिशीचं उत्तर वेगळं म्हणता, त्याचे किती?’ म्हणजे वगळलेल्या कामांची ओळ ही पुढच्या कामाची यादी म्हणूनही वाचली जाते.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. कॅप्शनसोबत फोटो हवा म्हणून प्लांटमधला फोटो टाकू नये. मागे दिसणारा पिंपांचा ढीग, त्यांवरची लेबलं, रिॲक्टरची मांडणी, गेटवरचा फलक, यांतून कारखाना ओळखू येतो आणि कधी कधी त्याचं उत्पादनही. तिथे काम करतो याचा अर्थ ते दाखवायची परवानगी मिळाली असा होत नाही. गिऱ्हाइकांच्या बोधचिन्हांची रांग लावण्याबद्दलही तेच. लेखी होकार असेल तर लावावी. त्याऐवजी आपल्या कामाचा नमुना द्यावा : काल्पनिक आकडे भरलेला पडताळणीचा एक पानी तक्ता, ज्यात एका बाजूला कारखान्याची वही, दुसऱ्या बाजूला निळ्या प्रती आणि तिसऱ्या रकान्यात फरकाचं कारण. त्यातून कसब दिसतं आणि कुणाचं काही उघडं पडत नाही.

पैशांच्या ओळीत उद्यम नोंदणीचा उल्लेख मुद्दाम आहे. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं करारात कितीही मुदत लिहिली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि मुदत लिहिली नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. आणि त्या मुदतीत दिलं नाही तर वर्षअखेर थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, अशी आयकराची तरतूदही आली आहे. मुंबईच्या लेखा विभागाला ही दोन वाक्यं समजावून सांगावी लागत नाहीत, नोंदणी आहे एवढं दिसलं तरी भागतं. निम्मे पैसे आधी मागण्याचं कारण मात्र कायद्याचं नाही. फॉर्म ४ जूनमध्ये जातो, फॉर्म पाच सप्टेंबरमध्ये, आणि मधले तीन महिने कारखान्याला आपली आठवण येत नाही.

पॅकेज काढणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती आहे. सहा कारखाने म्हटलं असेल तर सहाव्याचा आगाऊ चेक आला की त्याच दिवशी पोस्ट उघडा आणि पहिल्या ओळीत ‘यंदाच्या जागा भरल्या’ असं लिहा. वर Edited असं दिसेल, दिसू द्या. सातवा घेतला तर ३१ मेच्या आतली एक भेट पावसात जाईल, आणि निळ्या प्रती मोजायला ३० जूनच्या आधी दिवस उरणार नाहीत.